परीक्षेसाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर: नियम वाचून निवडा, बनावट ओळखून मगच घ्या

माझा विषय इलेक्ट्रिकल. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेची पूर्व पास झालो आणि मुख्य परीक्षेसाठी नवा कॅल्क्युलेटर मागवला, कारण डिप्लोमापासून वापरलेल्या जुन्याची बटणं झिजली होती. ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात मिळाला. आठवडाभर सराव पेपरांत उत्तरं चुकत होती आणि मी स्वतःलाच दोष देत होतो. शेवटी अभ्यासिकेतल्या एका मित्राने त्याचा कॅल्क्युलेटर शेजारी ठेवला, दोन्हींवर एकच वजाबाकी केली, तेव्हा कळलं की माझा बनावट आहे. मुख्य परीक्षेला तीन आठवडे उरले होते. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो. उदाहरण या मुख्य परीक्षेचंच घेतो, कारण तिथे कॅल्क्युलेटर स्वतः न्यावा लागतो आणि त्याचा खरा कस लागतो.

१. आधी परीक्षेचा नियम, मग दुकान

कॅल्क्युलेटरच्या बाबतीत परीक्षा तीन तऱ्हेच्या असतात. तुमची कोणती, हे ठरल्याशिवाय खिशात हात घालू नका.

पहिली तऱ्हा, जिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही. जेईई मेन आणि नीट या यातल्याच. गेटमध्येही बाहेरून कॅल्क्युलेटर नेता येत नाही, तिथे संगणकाच्या पडद्यावरच एक दिलेला असतो आणि तो माउसने चालवायचा असतो. गेटसाठी महागडा कॅल्क्युलेटर घेणारी मुलं मी दरवर्षी बघतो. त्या पैशांचा उपयोग नाहीच, वर नुकसानही होतं, कारण सराव हातातल्या बटणांवर होतो आणि परीक्षेत तीन समीकरणं एकदम सोडवून देणारं बटण पडद्यावर नसतं. गेटचा सराव पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवरच करा.

दुसरी तऱ्हा, जिथे मॉडेल सांगत नाहीत, फक्त वर्णन देतात. एमएसबीटीईच्या प्रश्नपत्रिकेवर 'नॉन-प्रोग्रॅमेबल इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर' चालेल, अशी सूचना असते. डिप्लोमा केलेल्यांना ती ओळ पाठ असेल. यूपीएससीचंही तसंच आहे. वर्णनात्मक पेपरांना सायंटिफिक, पण प्रोग्रॅम न करता येणारा कॅल्क्युलेटर चालतो. प्रोग्रॅमेबल वापरला तर तो गैरप्रकार समजतात. सभागृहात कॅल्क्युलेटर एकमेकांना देणं किंवा बदलणं हेही बंद आहे. वस्तुनिष्ठ पेपरांना तो मुळीच चालत नाही. म्हणजे इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या पूर्वपरीक्षेला कॅल्क्युलेटर घरी, आणि मुख्य परीक्षेच्या ३०० गुणांच्या दोन्ही पेपरांना बरोबर.

तिसरी तऱ्हा, जिथे मॉडेलची यादीच दिलेली असते. अमेरिकेत इंजिनिअरिंगचा परवाना मिळवण्यासाठी एफई परीक्षा देणारी आपली बरीच मुलं तिकडे आहेत. त्या यादीत कॅसिओची fx-115 आणि fx-991 ही नावं असलेली मॉडेल चालतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची TI-30X आणि TI-36X ही नावं असलेली चालतात, आणि एचपीची 33s व 35s ही दोनच. इथून कॅल्क्युलेटर घेऊन जाणाऱ्यांनी नावातलं प्रत्येक अक्षर जुळवून बघावं. सीएफएला तर टेक्सासचा BA II Plus आणि एचपीचा 12C, या दोन नावांपलीकडे काही चालत नाही.

एक सापळा सीए करणाऱ्यांसाठी. तिथे कॅल्क्युलेटर चालतो, पण जास्तीत जास्त ६ फंक्शन, १२ अंक आणि दोन मेमरी असलेला साधा. घरात पडलेला भावाचा सायंटिफिक तिथे नेऊ नका.

नियम वाचताना यूट्यूबवरच्या माहितीवर थांबू नका. चालू वर्षाची अधिसूचना उघडा, त्यात calculator हा शब्द शोधा आणि सापडलेली प्रत्येक ओळ वाचा. हॉलतिकीट आलं की त्यामागच्या सूचनांमध्ये पुन्हा तेच करा.

२. 'प्रोग्रॅमेबल' म्हणजे नेमकं काय

बटणांची रांग साठवून ठेवता येते आणि नंतर एका हुकमावर ती पुन्हा चालवता येते, तो प्रोग्रॅमेबल. कॅसिओत fx-5800P, fx-3650P ही अशी मॉडेल आहेत. आलेख काढणारे fx-9750, fx-9860 वगैरे मोठ्या पडद्याचे कॅल्क्युलेटरही प्रोग्रॅमेबलच असतात. पॅनेलवर किंवा मोडच्या यादीत PROG किंवा PRGM दिसलं, तर तो कॅल्क्युलेटर या परीक्षेसाठी नाही.

fx-991 वर CALC आणि SOLVE अशी बटणं असतात, त्यांवरून नवखे घाबरतात. CALC मध्ये पडद्यावर लिहिलेल्या एका सूत्रात किमती भरता येतात, SOLVE त्याचं मूळ काढून देतं. यातून प्रोग्रॅम साठवला जात नाही, म्हणून fx-991 नॉन-प्रोग्रॅमेबलच धरला जातो. शेवटच्या PLUS मधला P बघून गोंधळू नका, त्याचा प्रोग्रॅमशी संबंध नाही.

३. तुमच्या पेपरला कोणती फंक्शन लागतात

खोक्यावरचा फंक्शनचा आकडा बघून निवड करू नका. fx-82MS वर २४०, fx-991MS वर ४०१ आणि fx-991ES PLUS वर ४१७ असे आकडे असतात, पण शेवटच्या दोन्हींतला खरा फरक त्या १६ फंक्शनांत नाही. तो पडद्यात आहे. ES PLUS वर अपूर्णांक, वर्गमूळ आणि इंटिग्रल वहीत लिहितो तसे उभे दिसतात, त्यामुळे कंस चुकला तर लगेच डोळ्यांत भरतो. MS वर सगळं एका ओळीत येतं.

fx-82MS मध्ये साधी गणितं आणि संख्याशास्त्र एवढंच आहे. कॉम्प्लेक्स संख्या, समीकरणं, मॅट्रिक्स त्यात नाहीत. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तो घेऊ नये. का, ते एका उदाहरणावरून बघा. २३० व्होल्टच्या पुरवठ्याला ८ ओहम रेझिस्टन्स आणि ६ ओहम रिअॅक्टन्स एकसरीत जोडले आहेत, प्रवाह काढायचा आहे. ES PLUS वर असं:

```
MODE 2                  (CMPLX)
230 ÷ ( 8 + 6 i )       i = ENG बटण
SHIFT 2 3 =             (r∠θ)
→ 23∠-36.86989765
```

म्हणजे २३ अँपिअर, ३६.८७ अंशांनी मागे. fx-82MS वर यासाठी आधी इम्पिडन्सचं मान, मग कोन, मग भागाकार असं तुकड्यातुकड्याने जावं लागतं. तीन तासांच्या पेपरात अशी पन्नास गणितं असली की तो वेळ जाणवतो. उत्तरात -0.6435 आलं तर समजा कोन रेडियनमध्ये आहे. SHIFT MODE 3 दाबून अंशांवर आणा.

मर्यादाही सांगून ठेवतो. ES PLUS च्या EQN मोडमध्ये तीन अज्ञातांची समीकरणं सुटतात, पण सहगुणक वास्तव संख्याच हवेत. मॅट्रिक्समध्येही कॉम्प्लेक्स संख्या भरता येत नाहीत. एसी सर्किटची मेश समीकरणं या यंत्राकडून एका फटक्यात सुटणार नाहीत. ती क्रॅमरच्या नियमाने हातानेच मांडायची आणि डिटर्मिनंटचे गुणाकार CMPLX मोडमध्ये करायचे. हे परीक्षेत कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांना CMPLX ची फारशी गरज पडत नाही. त्यांना EQN, SOLVE आणि इंटिग्रेशन पुरतं.

माझं मत विचाराल तर fx-991ES PLUS, आणि त्यातही पुढच्या बाजूवर 2nd edition छापलेला. fx-991EX मध्ये चार अज्ञातांची समीकरणं आणि ४×४ मॅट्रिक्स मिळतात, तोही चांगला आहे. त्यानंतरच्या fx-991CW ची बटणांची मांडणी मात्र पुष्कळ बदलली आहे. जुन्या मांडणीवर हात बसलेल्यांनी परीक्षेच्या तोंडावर तिकडे वळू नये. 2nd edition चाच आग्रह का, ते सहाव्या पायरीत कळेल.

४. खरेदीच्या वेळी जवळ काय असावं

- अधिसूचनेतल्या कॅल्क्युलेटरच्या नियमाचा फोटो
- कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावरून पाहिलेलं मॉडेलचं पूर्ण नाव आणि किंमत
- शक्य असेल तर कुणाचा तरी खात्रीचा, त्याच मॉडेलचा कॅल्क्युलेटर
- मोबाइल: ओळख क्रमांक तपासायला, आणि ऑनलाइन पार्सल असेल तर उघडताना व्हिडिओ काढायला
- घरी येताना हातात छापील बिल (त्यावर मॉडेलचं नाव लिहिलेलं) आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड

बिलावर नुसतं 'कॅल्क्युलेटर १ नग' लिहून देत असतील तर पूर्ण नाव लिहायला सांगा. दुकानदार तिथे टाळाटाळ करू लागला, तर त्यातच तुम्हाला उत्तर मिळालं.

५. खोकं आणि बाहेरची तपासणी

परदेशी बनावटीच्या, बंद खोक्यात विकल्या जाणाऱ्या मालावर आपल्याकडे कायद्याने काही गोष्टी छापाव्या लागतात: आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, मालाचा देश, महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत, आणि तक्रारीसाठी संपर्क. कॅसिओच्या बाबतीत आयातदार म्हणून कंपनीच्या भारतातल्या शाखेचं नाव दिसलं पाहिजे. माझ्या बनावट खोक्यावर पत्ताच नव्हता, फक्त किमतीचा एक चिकटवलेला कागद होता. तेवढं मी वाचलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

मग यंत्र हातात घ्या. ES PLUS वर NATURAL-V.P.A.M. आणि सौरपट्टीजवळ TWO WAY POWER ही अक्षरं असतात. ती सुबक, एका जाडीची आणि ओळीत आहेत का बघा. सौरपट्टी तिरपी धरून उजेडात पाहा. खऱ्या पट्टीत काचेखाली घरांच्या रेषा दिसतात, बनावटीत बऱ्याचदा काळं छापील प्लास्टिक असतं. प्रत्येक बटण एकदा दाबा. एका दाबात एकच अंक उमटला पाहिजे. माझ्या यंत्रात ४ चं बटण दहातून एकदा उमटायचंच नाही, सराव पेपरांतल्या चुकांचं मूळ तेच होतं.

तरीही नुसत्या दिसण्यावर निकाल देऊ नका. हल्ली खोकी आणि छपाई दोन्ही चांगल्या नकला होतात, आणि खऱ्या यंत्रालाही दुकानात पडून पडून ओरखडे पडलेले असतात. निकाल आतल्या तपासणीवर द्यायचा.

६. आतली तपासणी: दहा मिनिटांचं काम

पहिली तपासणी π ची. माझ्या मित्राने केलेली वजाबाकी हीच. ES PLUS पडद्यावर दहा अंक दाखवतो, पण आत पंधरा अंकांनी हिशेब करतो. π साठी तो आत 3.14159265358980 ही किंमत धरतो, तसं त्याच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. म्हणून पडद्यावर दिसणारे पुढचे अंक वजा केले की आतले लपलेले अंक बाहेर येतात:

```
SHIFT ×10ˣ  (π)  - 3.141592653 =
→ 5.898×10⁻¹⁰

ALPHA ×10ˣ  (e)  - 2.718281828 =
→ 4.5904×10⁻¹⁰
```

माझ्या यंत्रावर पहिलं उत्तर 5.9×10⁻¹⁰ आलं. म्हणजे आतली चिप बाराच अंकांची होती, आणि वरचं नाव खोटं. ही उत्तरं ES PLUS साठी आहेत. दुसऱ्या मॉडेलला हेच आकडे लावू नका. तिथे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेली π ची किंमत घेऊन याच रीतीने वजाबाकी करा.

दुसरी तपासणी sin 15 ची. यंत्र अंशांवर असताना `sin 15 =` दाबा. ES PLUS वर रूट २ आणि रूट ६ असलेला, खाली ४ असलेला उभा अपूर्णांक यायला हवा. S⇔D दाबलं की 0.2588190451. थेट दशांशच आला तर आधी SHIFT MODE 1, मग पुन्हा 1 दाबून पडदा MthIO वर आणा आणि पुन्हा करून बघा.

तिसरी, समीकरणांची. MODE 5, मग 2, आणि हे सहगुणक भरा:

```
 5   -2   -1   12
-2    6   -3    4
-1   -3    8    3
→ X=4  Y=3  Z=2
```

काही नकलांमध्ये मोडची नावं दिसतात, पण आत गेलं की यंत्र अडकतं किंवा चुकीचं उत्तर देतं. मोड उघडला एवढ्यावर समाधान मानू नका, उत्तर येईपर्यंत जा.

चौथी तपासणी सगळ्यांत पक्की, आणि 2nd edition चा आग्रह याचसाठी. या आवृत्तीत MODE दाबून 0 दाबलं की यंत्राचा २४ अक्षरी ओळख क्रमांक दिसतो. तो कंपनीच्या wes.casio.com/calc या पानावर देऊन यंत्र अस्सल आहे का ते तपासता येतं. पत्ता मोबाइलवर स्वतः टाइप करा. खोक्यावरच्या कुठल्या तरी क्यूआर कोडवरून गेलात तर तो तुम्हाला कुठे नेईल याची खात्री नाही. माझ्या यंत्रावर पुढे 2nd edition छापलेलं होतं आणि MODE 0 ला काहीच उमटत नव्हतं. जुन्या, 2nd edition नसलेल्या ES PLUS मध्ये ही सोय नाही, त्यामुळे तिथे π ची वजाबाकी आणि खात्रीच्या यंत्राशी तुलना यांवरच थांबावं लागतं. चांगली नक्कल तेवढं पारही करू शकते. म्हणून नवा घेताना जुनी आवृत्ती स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

एक फरक लक्षात ठेवा. ES PLUS सारखंच रूप, पण वेगळ्या कंपनीचं नाव, असेही कॅल्क्युलेटर बाजारात असतात. ते दुसऱ्याच्या नावाने विकले जात नाहीत, पण त्यांच्यावरही वरची गणितं करूनच विश्वास ठेवा. आणि जिथे मॉडेलची यादी आहे, तिथे ते चालणार नाहीत.

७. बनावट निघाला तर

आतल्या तपासण्यांचा व्हिडिओ काढा, त्यात खोकं, बिल आणि पडद्यावरचं उत्तर एकाच वेळी दिसू द्या. विक्रेत्याला लेखी कळवा, फोनवर बोलत बसू नका. 'वस्तू खराब आहे' असं न लिहिता 'वस्तू बनावट आहे' असं लिहा. खराब म्हटलं की तीच दुसरी बनावट वस्तू बदलून देतात, माझ्या बाबतीत तसंच झालं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. परतावा येईपर्यंत थांबू नका. परीक्षा जवळ असेल तर दुसरा अस्सल कॅल्क्युलेटर त्याच दिवशी घ्या, कारण हात बसायला निदान दोन आठवडे लागतात.

८. परीक्षेपूर्वीची तयारी

ES PLUS मध्ये सौरपट्टीबरोबर एक LR44 सेल असतो, आणि तो दर तीन वर्षांनी बदलावा असं पुस्तिका सांगते. पडदा फिका दिसत नसला तरी परीक्षेच्या महिनाभर आधी नवा सेल टाका. सभागृहात शेजाऱ्याचा मागता येणार नाही, हे विसरू नका. सेल बदलल्यावर यंत्र मूळपदावर आणा:

```
SHIFT 9 3 =
```

यानंतर कोन अंशांवर आणि पडदा MthIO वर येतो. तुमची सवय वेगळी असेल तर SHIFT MODE मध्ये जाऊन लावून घ्या. दशांशात उत्तरं हवी असणाऱ्यांनी इथे LineIO बरोबर Norm 2 ही निवडावं (SHIFT MODE 8, मग 2), नाहीतर १ भागिले २०० चं उत्तर 0.005 ऐवजी 5×10⁻³ असं येतं आणि घाईत घातांक उत्तरपत्रिकेवर उतरवायचा राहतो.

पेपरच्या सकाळी sin 30 करून बघा. निम्मं आलं की कोन बरोबर आहे. कॅल्क्युलेटर घसरत्या झाकणासह न्या, पण झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली सूत्रं, चिकटवलेला कागद असं काही राहिलेलं नाही ना, ते आदल्या रात्रीच बघा. पर्यवेक्षक झाकण उघडून पाहतात.